लॅपटॉप म्हणतो ‘फोनवर मान्यता द्या’, आणि फोन ढिम्म!

लॅपटॉपवर ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाकला की पुढचा पडदा येतो: ‘तुमच्या फोनवर विनंती पाठवली आहे, तिला मान्यता द्या’. खाली एक दोन आकडी संख्या असते. आपण फोनकडे बघतो, तर त्यावर काहीच नाही. थोड्या वेळाने लॅपटॉपच कंटाळून ‘वेळ संपली’ असं सांगतो. वैतागून फोनवरचं ऑथेंटिकेटर ॲप उघडावं, तर ती विनंती आत शहाण्यासारखी बसलेली असते, जणू मघापासून तिथेच होती.

हा प्रकार हल्ली इतका सर्रास दिसतो की लोक तो नेटवर्कच्या माथी मारून मोकळे होतात. नेटवर्कचा दोष कधी असतोही. पण बहुतेक वेळा विनंती फोनपर्यंत नीट आलेली असते आणि फोनच तिला दाबून टाकतो. कारण विचित्र आहे. कुठलं ॲप महत्त्वाचं हे फोन ठरवतो ते आपण ते किती वेळा उघडतो त्यावरून. लॉगिनला मान्यता देणारं ॲप तर महिनोन्‌महिने उघडायची वेळच येत नाही. त्यामुळे बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन ज्यांना आधी झोपवतो, त्यांत नेमकं हेच ॲप सापडतं.

विनंती फोनपर्यंत येते कशी

ॲप बंद असतानाही सर्व्हरकडून फोनवर येऊन पडणाऱ्या निरोपाला ‘पुश’ म्हणतात. लॉगिनची विनंती हा असाच एक पुश आहे. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर तो थेट तुमच्या ॲपला पाठवत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर तो आधी गुगलच्या ‘फायरबेस क्लाउड मेसेजिंग’ या सेवेकडे जातो, तिथून फोनमधल्या ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’कडे येतो आणि मग ॲपच्या हाती पडतो.

मोठ्या सोसायटीच्या गेटवर एकच वॉचमन रात्रभर जागा असतो, म्हणून बाकीचे फ्लॅट निवांत झोपू शकतात. कुणी आलं की तो त्या फ्लॅटला इंटरकॉम करतो. प्ले सर्व्हिसेस म्हणजे फोनमधला हा वॉचमन. सगळ्या ॲपसाठी इंटरनेटची एकच जोडणी तो उघडी ठेवतो, म्हणून प्रत्येक ॲपने स्वतंत्र जागायची गरज नसते. ‘निरोप आला’ आणि ‘निरोप दिसला’ यांत फरक पडतो तो इथेच. वॉचमनने पाहुणा घेतला तरी फ्लॅटचा इंटरकॉम काढून ठेवलेला असेल, तर आतल्या माणसाला पत्ता लागत नाही.

फोन ॲपला झोपवतो म्हणजे नक्की काय करतो

2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून फोनमध्ये ‘डोझ’ नावाची सोय आहे. चार्जरवर नसलेला फोन पडदा बंद करून काही वेळ स्वस्थ पडून राहिला की तो डुलकी घेतो. मग साधे निरोप साठवून ठेवतो आणि मधूनमधून उठून एकदम वाटतो. तातडीचा शिक्का असलेल्या निरोपाला मात्र या डुलकीतूनही वाट मिळते आणि लॉगिनची विनंती तशीच पाठवायची असते. म्हणजे नुसत्या डोझमुळे ती अडायला नको.

अडते ती पुढच्या पायऱ्यांवर. अँड्रॉइड 9 पासून फोन प्रत्येक ॲपला वापरावरून एका गटात टाकतो: रोजचं, नेहमीचं, अधूनमधूनचं, क्वचितचं. गट खालचा, तशी पडद्यामागे काम करायची मुभा कमी. अँड्रॉइड 12 ने आणखी एक पाऊल टाकलं. काही महिने हातच न लावलेल्या ॲपला फोन जवळजवळ गोठवून ठेवतो. त्याच्या परवानग्या काढून घेतो आणि त्याला पुश पोहोचवणंही थांबवतो, अगदी तातडीचा असला तरी.

यावर फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे आपापले नियम असतात. सॅमसंगच्या फोनवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये Background usage limits मध्ये गेलात तर Sleeping apps आणि Deep sleeping apps अशा दोन याद्या दिसतील. दुसऱ्या यादीतलं ॲप तुम्ही उघडाल तेव्हाच जागं होतं. शाओमीच्या फोनवर Autostart नावाची वेगळी परवानगी असते. काही फोनवर तर अलीकडच्या ॲपच्या यादीतून एखादं ॲप बोटाने वर सरकवून काढलं, किंवा ‘क्लीनर’चं बटण दाबलं, की ते सेटिंगमधून Force stop केल्यासारखं पूर्ण बंद पडतं. अशा पूर्ण बंद केलेल्या ॲपला अँड्रॉइड पुश देत नाही, ते तुम्ही स्वतः परत उघडेपर्यंत. ‘फोन हलका करतो’ म्हणून दिवसातून दहादा सगळी ॲप साफ करायची सवय अनेकांना असते. त्या सवयीने फोन फारसा हलका होत नाही, लॉगिन मात्र अडतं.

साधा बॅटरी सेव्हर त्या मानाने सौम्य असतो. तो लावल्यावर विनंती उशिरा येऊ शकते, पण सहसा येते. मोजकीच ॲप चालू ठेवणारा जो टोकाचा सेव्हर असतो, त्यात ऑथेंटिकेटर ‘चालू ठेवायच्या’ यादीत घातलेलं नसेल तर विनंतीची आशाच सोडा.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

कोल्हापुरातल्या एका प्राध्यापक बाईंचा फोन माझ्याकडे आला होता. कॉलेजचं खातं मायक्रोसॉफ्टचं. अंतर्गत गुण भरायची वेळ आली की त्या घरच्या लॅपटॉपवरून लॉगिन करतात, एरवी फारसं नाही. पडद्यावर आकडा यायचा आणि फोन गप्प.

“सर, माझ्या मते कॉलेजचा सर्व्हरच बंद आहे,” त्या म्हणाल्या.

“सर्व्हर बंद असता तर आकडासुद्धा आला नसता, मॅडम. आता विनंती पाठवा आणि फोनमध्ये वरून येईल म्हणून वाट न बघता ऑथेंटिकेटर सरळ उघडा.”

उघडल्याबरोबर विनंती समोर आली. एवढ्या एका कृतीने निम्मी शंका मिटते. खातं नीट जोडलेलं आहे, इंटरनेट चालू आहे, विनंती निघते आहे. म्हणजे दोष फक्त ‘फोनने हाक मारणे’ या टप्प्यात आहे.

पुढचा प्रश्न: निरोप येऊन दबला, की ॲपपर्यंत आलाच नाही? त्यासाठी अँड्रॉइड 11 पासून Notification history मिळते. ती आधी चालू करावी लागते, मागचं काही दाखवत नाही. बाईंनी ती चालू केली, फोन बाजूला ठेवला, थोड्या वेळाने परत विनंती पाठवली. इतिहासात दोन बँकांचे मेसेज आणि घरच्या ग्रुपवरच्या शुभ प्रभाताच्या फुलांची नोंद होती, ऑथेंटिकेटरचं नावही नव्हतं. म्हणजे घंटी मुकी नव्हती, कुणी ती वाजवलीच नव्हती.

मग बॅटरीच्या सेटिंगमधली झोपलेल्या ॲपची यादी उघडायला सांगितली. त्यात ऑथेंटिकेटर होतंच. मागच्या सत्राचे गुण भरल्यापासून ते उघडलंच नव्हतं, कारण लॅपटॉपचा ब्राउझर एकदा झालेलं लॉगिन बराच काळ लक्षात ठेवतो. ॲप त्या यादीतून काढलं आणि ‘कधीही झोपवू नका’ या यादीत घातलं. नंतर ॲपच्या माहितीच्या पानावर, म्हणजे App info मध्ये, न वापरलेलं ॲप थांबवण्याचं जे बटण असतं, तेही बंद केलं. त्या बटणाचं नाव आवृत्तीनुसार बदलतं: कुठे Pause app activity if unused, कुठे Manage app if unused.

बाईंनी लगेच लॉगिन करून पाहिलं आणि विनंती टुणकन वर आली. “झालं, सर!” पण ही परीक्षा मी धरली नाही. हातात घेतलेला, पडदा चालू असलेला फोन टक्क जागा असतो, तेव्हा सगळंच चालतं. चार्जरला लावलेला फोनही डोझमध्ये जात नाही. म्हणूनच पुष्कळांना स्टाफरूममध्ये चार्जिंगला फोन लावलेला असताना विनंती मिळते आणि घरी मिळत नाही, आणि मग दोष घरच्या वाय-फायवर जातो. खरी परीक्षा अशी: चार्जर काढा, पडदा बंद करा, अर्धा-पाऊण तास फोनला हात लावू नका. मग लॅपटॉपवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे जुनं लॉगिन आड येणार नाही, आणि खात्यात शिरायचा प्रयत्न करा. बाईंनी जेवणं उरकून हे केलं आणि विनंती काही सेकंदांत आली.

ज्या फोनवर अशी खास यादी नसते, तिथे App info मध्ये बॅटरीच्या वापराचा पर्याय शोधायचा. Restricted असेल तर तिथेच घोळ आहे. Optimised बहुतेकांना पुरतं, ऑथेंटिकेटरला मात्र मी Unrestricted देतो.

इतिहासात नोंद आहे, पण आवाज नाही

आता उलटी शक्यता. Notification history मध्ये विनंतीची नोंद दिसली, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. निरोप ॲपला मिळाला, ॲपने दाखवला, पण कुणीतरी आवाज दाबला. बहुधा हे ‘डू नॉट डिस्टर्ब’चं काम असतं. रात्री अकराला चालू आणि सकाळी सातला बंद असं वेळापत्रक कधीतरी लावलेलं असतं आणि त्याचा विसर पडलेला असतो. त्या सेटिंगमध्ये अपवाद म्हणून एखादं ॲप घालता येतं, तिथे ऑथेंटिकेटर घाला.

दुसरं ठिकाण जास्त फसवं आहे. अँड्रॉइड 8 पासून एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार करता येतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र बटण असतं. वरचं मोठं बटण चालू दिसतं म्हणून आपण निश्चिंत असतो आणि खाली नेमका विनंतीचा प्रकार ‘सायलेंट’वर टाकलेला असतो. एखाद्या रात्री नोटिफिकेशन दाबून धरून घाईत ‘सायलेंट’ला बोट लागलं, की पुढची सगळी वर्षं ते तसंच राहतं.

आणि मोठं बटणच बंद असेल तर? अँड्रॉइड 13 पासून नवं ॲप पहिल्यांदा उघडताना ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असं विचारतं. जाहिरातींना वैतागलेले आपण सवयीने ‘नको’ म्हणतो. खरेदीच्या ॲपला तसं म्हणणं शहाणपणाचंच, पण ऑथेंटिकेटरला नाही म्हटलं तर इतिहासही कोरा राहतो आणि माणूस बॅटरीच्या मागे लागतो. म्हणून हे बटण आधी बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

मग व्हॉट्सॲप कसं वेळेवर येतं?

हा आक्षेप हमखास येतो आणि रास्त आहे. व्हॉट्सॲप आपण दिवसात असंख्य वेळा उघडतो, त्यामुळे ते सतत वरच्या गटात असतं आणि झोपायच्या यादीत जायची वेळच येत नाही. तेव्हा ‘व्हॉट्सॲप येतंय’ याचा अर्थ इंटरनेट चालू आहे आणि वॉचमन जागा आहे, एवढाच. ऑथेंटिकेटरच्या फ्लॅटमध्ये इंटरकॉम लावलेला आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

याचीच दुसरी बाजू: व्हॉट्सॲपसकट सगळ्याच ॲपचे निरोप अडत असतील, तर संशय जोडणीवर घ्यावा. ही जोडणी 5228 ते 5230 या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांक दिलेल्या दारांवरून चालते आणि काही ऑफिसांच्या वाय-फायवर ही दारं अडवलेली असतात. वेबसाइट उघडतात, निरोप येत नाहीत. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर विनंती लगेच आली, तर तुमच्या फोनचा दोष नाही. ऑफिसच्या संगणक विभागाला हे पोर्ट सांगा.

सूट दिली तर बॅटरी उतरणार नाही का?

जवळजवळ नाही. ऑथेंटिकेटर स्वतः जागं राहून वाट बघत नाही, ती जोडणी प्ले सर्व्हिसेसने आधीच उघडी ठेवलेली आहे. विनंती आली की ॲप काही क्षण उठतं, परत झोपतं. बॅटरी खातात ती सतत ठिकाण विचारणारी किंवा पडद्यामागे व्हिडिओ उतरवणारी ॲप. त्यांना झोपवा की खुशाल. पण कुणी युट्यूबवर सांगितलं म्हणून सगळ्याच ॲपचं ‘ऑप्टिमायझेशन’ बंद करू नका, मग बॅटरीची तक्रार खरी ठरेल.

विनंती येईपर्यंत ‘पुन्हा पाठवा’ दाबत राहिलं तर?

हे मात्र टाळावं. अडलेल्या विनंत्या कधीकधी फोन जागा झाल्यावर मागाहून येतात आणि कुठली आपली, कुठली शिळी ते कळत नाही. अशा वेळी माणूस येईल त्या विनंतीला ‘हो’ म्हणत सुटतो, आणि चोरांना तेच हवं असतं. सप्टेंबर 2022 मध्ये उबर कंपनीत झालेली घुसखोरी याच वाटेने झाली. चोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता. त्याने लॉगिनच्या विनंत्यांचा भडिमार केला आणि शेवटी त्या कर्मचाऱ्याने एक मान्य केली. लॅपटॉपवरचा आकडा फोनवर टाकायला लावणारी पद्धत मायक्रोसॉफ्टने मे 2023 पासून सक्तीची केली, ती अशाच हल्ल्यांना तोंड देण्यासाठी. समोरच्या पडद्यावर आकडा नसताना विनंती आली, तर ती नाकारायची. ती तुमचीच शिळी असली तरी नाकारल्याने बिघडत नाही, नवी पाठवता येते.

‘त्यापेक्षा एसएमएसवरचा ओटीपी बरा’ असंही कुणी म्हणेल. तो मोबाइल नेटवर्कवरून येतो, ॲपच्या झोपेशी त्याचा संबंध नसतो, हे खरंच आहे. पण तुमच्या नावाचं दुसरं सिम कुणी काढून घेतलं तर ओटीपी त्याच्याकडे जातो, म्हणून अनेक संस्था आता त्यावर विसंबत नाहीत.

गुगलचं खातं आणि आयफोन

गुगल खात्याची विनंती अँड्रॉइडवर कुठल्याही ऑथेंटिकेटरकडून येत नाही. ती प्ले सर्व्हिसेसच दाखवतात, म्हणजे वॉचमन स्वतःच बोलतो. त्यामुळे ती क्वचितच झोपेत अडकते. ती आली नाही तर आधी बघा की लॉगिनच्या पडद्यावर कुठल्या फोनचं नाव आहे. कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर विनंती गेल्याचं मी बरेचदा पाहिलं आहे. Google Authenticator या ॲपची नोटिफिकेशन तपासणं तर व्यर्थच, ते फक्त आकडे दाखवतं, विनंती पाठवत नाही.

आयफोनवर गुगलची विनंती जीमेल किंवा गुगल ॲपमधून येते. मेलचा कटकटाट नको म्हणून जीमेलची नोटिफिकेशन बंद केली असतील, तर विनंतीही त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा ॲप उघडून बघा. आयफोनचा पिवळ्या बॅटरीचा ‘लो पॉवर मोड’ बहुधा निर्दोष असतो. दोष निघतो तो ‘फोकस’मध्ये, किंवा नोटिफिकेशन साठवून ठरल्या वेळी एकदम देणाऱ्या Scheduled Summary मध्ये. संध्याकाळी सहाला मिळालेली सकाळची लॉगिन विनंती काय कामाची!

ॲप उघडूनही आत काहीच नसेल तर

वर सांगितलेली सगळी सेटिंग ‘ॲप उघडल्यावर विनंती दिसते’ त्यांच्यासाठी आहेत. आतही काही नसेल तर पडदा खाली ओढून ताजा करा, मोबाइल डेटा चालू आहे का बघा. तरी नाही, आणि नुकताच फोन बदलला असेल किंवा ॲप काढून परत टाकलं असेल, तर सर्व्हरकडे फोनचा जुनाच पत्ता आहे. बॅकअपमधून ॲपमध्ये खात्याचं नाव परत आलेलं दिसतं, म्हणून सगळं जोडलं गेलं असं वाटतं, पण तसं नसतं. खातं त्या फोनवर नव्याने जोडावं लागतं आणि ऑफिसचं खातं असेल तर ते काम पुष्कळदा त्यांच्या संगणक विभागाकडूनच करून घ्यावं लागतं.

तोवर आज लॉगिन करायचंच असेल तर लॉगिनच्या पडद्यावर दुसरी पद्धत निवडायचा दुवा शोधा. मायक्रोसॉफ्टच्या पडद्यावर तो ‘आत्ता ॲप वापरता येत नाही’ अशा अर्थाचा असतो. त्यातून कोड टाकायचा पर्याय मिळाला, तर जोडलेल्या खात्याखाली ऑथेंटिकेटरमध्ये दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड दिसतो, तो टाका. हा कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला पुश लागत नाही आणि इंटरनेटही नाही, विमानातसुद्धा तो मिळतो. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं, कारण कोड त्यावरूनच काढला जातो. वेळ हाताने लावलेली असेल आणि ती काही मिनिटं पुढे-मागे असेल, तर कोड दरवेळी चुकीचा ठरेल. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप’ निवडा आणि पुढचा कोड टाका.